पन्नास पेट्या कुठल्या?

*ताई, नमस्कार. रत्नागिरीजवळ आमची हापूसची जुनी बाग आहे. तीन वर्षं झाली, मी मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना थेट पेट्या पाठवतो. फोनच्या यादीत ४८० नंबर आहेत. यंदा पुण्याच्या आत्तेभावाने व्हॉट्सअ‍ॅपसाठी मजकूर लिहून दिला: "शेवटच्या ५० पेट्या! ५००+ समाधानी कुटुंबं! आत्ता बुक केलं नाहीत तर यंदा हापूस विसरा!" वर म्हणाला, आधी प्रत्येकाला चार आंबे फुकट पाठव, मग माणसाला नाही म्हणायला जड जातं. बाबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "पन्नास पेट्या कुठल्या रे? अर्धी बाग अजून झाडावर आहे." भाऊ म्हणतो, सगळे असंच लिहितात, नाही लिहिलंस तर माल दलालाकडे पडेल त्या भावाने जाईल. मला खोटं लिहायचं नाही, पण मिळमिळीत लिहून आंबा घरात पिकवत बसायचीही इच्छा नाही. नेमकं काय लिहू?*

*– एक बागायतदार (नाव राखून ठेवलं आहे)*

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आधी शोधू, कारण तुमचा मजकूर त्यातूनच निघणार आहे.

परवा आपलं फोनवर बोलणं झालं तेव्हा मी तुम्हाला वही आणायला लावली, आणि तुम्ही वाचून दाखवलेले आकडे असे. कलमं ११०, पण हापूस एका वर्षी भरभरून धरतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतो, त्यामुळे यंदा चांगलं फळ ६० कलमांवरच. पाच डझनी पेटीच्या हिशोबाने अंदाजे ३०० पेट्या. त्यातल्या १२० वाशीच्या दलालाला आधीच बोललेल्या, त्याची उचल घेतलेली आहे. थेट विकायला उरल्या १८०. त्यातल्या ७५ पहिल्या मोहोराच्या, २५ एप्रिलच्या आसपास निघणाऱ्या; बाकी १०५ दुसऱ्या मोहोराच्या, साधारण ५ मेपासून. पहिल्या तोडणीतल्या ३८ पेट्या २७ घरांनी बुक केल्या आहेत.

म्हणजे आज तुमच्याकडे या तोडणीच्या ३७ पेट्या शिल्लक आहेत. भावाने पन्नास लिहिलं आणि खरा आकडा त्याहून कमी निघाला! मला हे वारंवार दिसतं. खोटा आकडा लिहिणाऱ्याने वही उघडलेलीच नसते. वहीत बहुतेक वेळा त्याहून चांगली गोष्ट पडून असते.

पण मग "शेवटच्या ३७ पेट्या" असं लिहिलं की झालं का? नाही. शेवटच्या कशातल्या, हे त्यात नाही. वाचणाऱ्याला वाटणार की तुमचा यंदाचा आंबाच संपत आला, आणि अजून १०५ पेट्या झाडावर आहेत हे तुम्हाला माहीत आहे. आकडा खरा असूनही वाक्य फसवं होतं ते असं. तुटवडा सांगायचा असेल तर तो नेमका कशाचा ते त्याच वाक्यात सांगायचं: "पहिल्या तोडणीतल्या ३७ पेट्या शिल्लक आहेत." आणि लगेच पुढचं वाक्य, जे लिहिताना हात अडखळेल: "दुसरी तोडणी ५ मेच्या सुमारास, तेव्हा आणखी १०५ पेट्या निघतील, दर बहुधा थोडा उतरलेला असेल."

"दर उतरेल हे मीच कशाला सांगू?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. कारण हंगाम पुढे सरकला की हापूसचा भाव उतरतो, हे पुण्यातल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तुम्ही नाही सांगितलंत तर तिला ते शेजारीण सांगेल, आणि तेव्हा तुमच्या एप्रिलच्या संदेशाचा अर्थ बदलेल. तुम्ही सांगितलंत तर घाई नसलेला माणूस मेमध्ये घेईल, आणि अक्षय्य तृतीयेला पेटी घरात हवीच असलेला माणूस आत्ता जास्त पैसे मोजून घेईल, तेही समजून-उमजून. मी मजकुराला लावते ती कसोटी हीच: घाई कमी करणारी जी माहिती माझ्याकडे आहे, ती मी दडवली आहे का? दडवली असेल तर उरलेला शब्द न् शब्द खरा असला तरी मजकूर साफ नाही.

तुटवड्याने ओढ वाढते हे खोटं नाही. १९७५ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला होता. काहींना दहा बिस्किटांच्या बरणीतलं एक बिस्किट दिलं, काहींना दोनच बिस्किटं असलेल्या बरणीतलं. दोनवाल्या बरणीतलं बिस्किट लोकांना जास्त हवंहवंसं वाटलं, ते जास्त किमतीचं असेल असंही वाटलं. चवीला मात्र त्यांनी त्याला जास्त गुण दिले नाहीत. बिस्किट तेच होतं ना! तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की "हापूस विसरा" वाचून धसक्याने पेटी मागवणाऱ्याला आंबा काही जास्त गोड लागणार नाही. अपेक्षा मात्र चढलेली असेल, आणि साठात तीन फळं साक्याची, म्हणजे आतून खराब, निघाली की फोन त्याचाच पहिला येईल.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात गुहागरच्या बाजूला जायचं ठरलं. खोली बघताना मोबाइलवर लाल अक्षरांत "फक्त २ खोल्या शिल्लक" असं लुकलुकत होतं. घाईघाईने, दुसरं काही न बघता पैसे भरले. पोचलो तर आठ खोल्यांच्या वाडीत आमच्याशिवाय एकच कुटुंब. मालकांना विचारलं, तर ते बिचारे म्हणाले, "आम्ही त्यांना दोनच खोल्या दिल्यात हो, बाकीच्या आम्हीच फोनवर देतो." म्हणजे आकडा खोटा नव्हताच! बुकिंगच्या संकेतस्थळाला मिळालेल्या दोनपैकी दोन. मालक भला माणूस, सोलकढी अप्रतिम. पण परत तिथे गेलो नाही, आणि चीड आली ती त्या जागेपेक्षा स्वतःच्या घाईची. गिऱ्हाईक सहसा भांडत नाही. पुढच्या वर्षी ते फक्त दिसत नाही.

आता हे कायद्याच्याही नजरेत आलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न', म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला भुलवणाऱ्या युक्त्या, याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात फसवणुकीचे १३ प्रकार सांगितले आहेत आणि खोटी घाई हा त्यातलाच एक. माल आहे त्यापेक्षा कमी असल्याचं भासवणं आणि खोटी लोकप्रियता दाखवणं, दोन्ही त्यात येतं. ती फक्त मोठ्या संकेतस्थळांसाठी नाहीत, जाहिरातदार आणि विक्रेतेही त्यात आहेत. तुमच्या ३७ पेट्यांसाठी कोणी दिल्लीहून येणार नाही, हे मलाही कळतं. पण "सगळेच लिहितात" याला भावापुढे ठेवायला एक उत्तर असू द्या.

तुटवड्याबद्दल अजून एक, आणि इथे भली माणसंही घसरतात. आकडा शिळा होतो. सकाळी ३७ लिहिलंत, संध्याकाळपर्यंत १५ गेल्या, आणि तो संदेश चार सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत पाच दिवसांनीही "३७ शिल्लक" म्हणतोच आहे. म्हणून आकड्याशेजारी तारीख आणि वेळ लिहायचीच. पेट्या संपल्या की "पहिली तोडणी संपली" असा एक ओळीचा संदेश पाठवा. तो मात्र सगळ्या यादीला नको, ज्यांनी विचारणा केली होती त्यांनाच. आणि कोणी तीन पेट्या रद्द केल्या तर "अचानक ३ पेट्या मिळाल्या!!" असा डांगोरा पिटू नका. मागे थांबलेल्यांना क्रमाने फोन करा.

मुदतीचंही तेच. "गुरुवार रात्री ८ पर्यंत कळवा" हे वाक्य चांगलं आहे, कारण त्यामागे खरं काहीतरी आहे: शुक्रवारी पहाटे झेला घेऊन गडी बागेत जाणार, दुपारी पॅकिंग, रात्री गाडी. ते कारण लिहा. कारण वाचलं की लोक मुदत पाळतात, आणि मुदत का, हा प्रश्न उरत नाही. पण शुक्रवारी सकाळी फोन आल्यावर "चालेल, टाकतो तुमची पण" म्हणालात की गुरुवार रात्र खोटी ठरली. एकदा हे कळलेलं गिऱ्हाईक पुढे तुमची कुठलीच मुदत मानणार नाही. जागा असेलच तर "दुसऱ्या तोडणीत घेतो" म्हणा.

आता "५००+ समाधानी कुटुंबं". हे ५०० आले कुठून ते तुम्हीच हसत सांगितलंत: यादीतले ४८० नंबर, वर गोळाबेरीज. त्यात गॅसवाला आहे, तुमच्या बहिणीच्या लग्नातला मांडववाला आहे. यादीत असणं म्हणजे गिऱ्हाईक असणं नव्हे, गिऱ्हाईक असणं म्हणजे समाधानी असणंही नव्हे. वही काय म्हणते? गेल्या वर्षी ९६ घरांनी मागवला, त्याच्या आदल्या वर्षी ७१ घरांनी. आणि त्या ७१ पैकी ४४ घरांनी गेल्या वर्षी पुन्हा मागवला. हा शेवटचा आकडा तुम्ही ओझरता सांगून पुढे गेलात, मी तिथेच थांबले. "७१ पैकी ४४ घरांनी दुसऱ्या वर्षी पुन्हा मागवला." हे वाक्य कुठल्याही पाचशेपेक्षा वजनदार आहे. यातला ७१ खोडायचा नाही. "४४ घरांनी पुन्हा मागवला" एवढंच लिहिलंत तर ते किती जणांतले हे वाचणाऱ्याला कळत नाही. ७१ दिसला की २७ जण परतले नाहीत हेही दिसतं, आणि म्हणूनच ४४ वर विश्वास बसतो.

इतरांचं बघून आपण ठरवतो, ही काही कमजोरी नव्हे. नव्या गावात गर्दी असलेल्या खानावळीत आपण शिरतोच की. यात जवळच्या माणसाचं वजन जास्त पडतं. हॉटेलांमधला एक प्रसिद्ध प्रयोग २००८ साली छापून आला. न्हाणीघरातला टॉवेल रोज धुवायला टाकू नका, अशी विनंती वेगवेगळ्या शब्दांत लिहून पाहिली. नुसतं "पर्यावरण वाचवा" लिहिलं तेव्हा सुमारे ३७ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. "याच खोलीत राहून गेलेल्या बहुतेकांनी पुन्हा वापरला" असं लिहिल्यावर ४९ टक्क्यांनी. त्या खोलीत आधी कोण राहिलं होतं याच्याशी खरं तर काय देणंघेणं! तरीही.

हे तुमच्याकडे कसं उतरतं? कोथरूडच्या ज्या सोसायटीत आठ घरं तुमची पेटी घेतात, तिथल्या नवव्या घराला "तुमच्याच सोसायटीत आठ घरं घेतात" हे "९६ घरं" पेक्षा जास्त पटेल. लिहू शकता, खरं आहे. पण नावं घालू नका. कोणाच्या घरात किती पेट्या उतरतात हे सांगायचा हक्क आपला नाही, आणि आठातल्या एखाद्या काकूंना ते आवडणार नाही. नाव हवंच असेल तर त्यांना विचारा, त्यांचं वाक्य जसंच्या तसं घ्या. "आंबे छान होते, दोन मात्र आतून खराब निघाले, त्याचे पैसे परत दिले" असं कोणी लिहिलं असेल तर पहिलं अर्धं कापून चिकटवू नका. मला विचाराल तर त्या वाक्याचा शेवटच तुमची खरी जाहिरात आहे. साका बाहेरून दिसत नाही, चांगल्या बागेतही निघतो. तो निघाल्यावर तुम्ही काय करता एवढंच गिऱ्हाइकाला हवं असतं. आणि हो, आत्याची शिफारस टाकायची असेल तर "माझी आत्या" असं लिहून टाका. लोक हसतील आणि वाचतील.

याच गोष्टीची उलटी बाजू तुमच्या गेल्या वर्षीच्या एका संदेशात मला सापडली. तुम्ही जूनमध्ये सगळ्यांना पाठवला होतात: "अजूनही बऱ्याच जणांचे पैसे आलेले नाहीत, कृपया लवकर पाठवा." हे वाचून पैसे न पाठवलेल्याला काय कळलं? की आपल्यासारखे बरेच आहेत, चाललंय. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात दगड झालेल्या लाकडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. पाहुणे त्याचे तुकडे खिशात घालून नेतात म्हणून संशोधकांनी तिथे पाट्या लावून पाहिल्या. "पूर्वी अनेकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं" अशा अर्थाची पाटी होती तिथून खूण केलेल्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के नाहीसे झाले. "कृपया तुकडे नेऊ नका" एवढीच साधी पाटी होती तिथून २ टक्क्यांहूनही कमी. तक्रार करताना आपण नकळत चुकीच्या वागण्यालाच गर्दी मिळवून देतो. तुमच्या वहीत ९६ पैकी ८३ घरांनी आठवड्याच्या आत पैसे पाठवल्याची नोंद आहे. मग उरलेल्या तेरा जणांनाच, प्रत्येकाला वेगळा, संदेश जायला हवा होता: "९६ पैकी ८३ घरांचे पैसे आठवड्यात जमा झाले. तुमच्या २ पेट्यांची नोंद राहिली आहे. पाठवले असतील तर कळवा, मी तपासतो." ग्रुपवर मात्र हे टाकायचं नाही. तिथे ती आठवण न राहता चारचौघांतला अपमान होतो.

आता चार फुकट आंबे. इथे मी भावाच्या पूर्ण विरोधात आहे, आणि तेही पैशाच्या हिशोबानेच. ४८० जणांना चार-चार म्हणजे १,९२० फळं, म्हणजे ३२ पेट्या. शिल्लक ३७! पहिली तोडणी वानवळ्यातच संपली. आणि कुरिअरचा खर्च वेगळा.

हिशोब बाजूला ठेवला तरी त्यातला डाव मला खटकतो. डेनिस रीगन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९७१चा प्रयोग आहे. त्याने एक माणूस पेरला. तो बाहेर जाऊन येताना समोरच्यासाठी न मागता एक कोकाकोला घेऊन यायचा, आणि थोड्या वेळाने "माझी लॉटरीची तिकिटं घेता का?" असं विचारायचा. कोकाकोला मिळालेल्यांनी न मिळालेल्यांच्या साधारण दुप्पट तिकिटं घेतली. यातली मेख पुढे आहे. एरवी माणूस आवडला तर लोक जास्त तिकिटं घेत, नाही आवडला तर कमी. कोकाकोला घेतल्यावर हा फरकच उरला नाही. न आवडलेल्या माणसाकडूनही तितकीच तिकिटं घेतली गेली. भाऊ म्हणतो ते "नाही म्हणायला जड जातं" ते हेच. म्हणजे तुमचा आंबा आवडला का, हा प्रश्नच तो खेळातून काढून टाकतो आहे. तुम्हाला तर तोच प्रश्न हवा आहे, कारण दुसऱ्या वर्षी परत येतात ते आंबा आवडलेले, ओशाळलेले नव्हेत.

आपल्याकडे दारात आलेल्याला नारळ, फणसाचे गरे, दोन आंबे दिल्याशिवाय पाठवत नाहीत. ते देणं आणि हे देणं यातला फरक तुमच्या आईला विचारा, ती एका वाक्यात सांगेल. देताना वही उघडलेली नसते. म्हणून माझं म्हणणं असं: भेट द्यायची तर भेट द्या, तिच्यासोबत दरपत्रक नको, आठवड्याने "आंबे मिळाले ना? मग पेटी किती टाकू?" नको. नमुना द्यायचा तर नमुना म्हणूनच द्या: मागितला तरच, किती फळं ते सांगून, कुरिअरचा खर्च कोणाचा ते सांगून. "पहिल्यांदाच घेत असाल तर चवीला ४ फळं पाठवतो. फळांचे पैसे नाहीत, कुरिअरचे तुमचे. पेटी घेतलीच पाहिजे असं नाही." नमुना दोघांनाही नमुना म्हणून माहीत असला की ओझं होत नाही. आणि ती चार फळं पेटीत जातात त्याच वजनाची, त्याच कलमांची असू द्या. निवडून मोठी, लालबुंद झाक आलेली चार पाठवलीत तर तो नमुना नाही, आमिष आहे. नंतर एकच संदेश: "चव कशी वाटली?" उत्तर आलं नाही तर तिथेच थांबायचं.

यापेक्षा तुमच्याकडे देण्यासारखं एक आहे, ज्याला कुरिअर लागत नाही. पुण्यात हिरवी पेटी पोचली की अर्धी माणसं गोंधळतात. कोणी ती तशीच बंद ठेवतं, कोणी थेट फ्रिजमध्ये टाकतं. तुम्ही आढी कशी लावता ते चार ओळींत लिहून सगळ्यांना पाठवा: पेटी उघडून फळं भाताच्या पेंढ्यात किंवा कागदात मोकळी मांडा, एकावर एक दोनपेक्षा जास्त थर नको, हवा खेळू द्या, रोज एकदा बघून तयार झालेली वेगळी काढा, पिकेपर्यंत फ्रिज नको. हे कोणाच्याही आंब्याला लागू पडतं, शेजारच्या बागेतून घेतलेल्यालाही. म्हणूनच ते देणं ठरतं. त्याच संदेशाच्या शेवटी "बुकिंगसाठी" लिहायचा मोह होईल. नका लिहू. तो दुसऱ्या दिवशीच्या संदेशात.

तर दुसऱ्या दिवशीचा संदेश. मी लिहिला असता तर असा:

> नमस्कार, मी रत्नागिरीहून, आंबेवाला. हापूसची पहिली तोडणी २५ एप्रिलला आहे. या तोडणीत ७५ पेट्या (५ डझनी), त्यातल्या ३७ आज, १८ एप्रिल, सकाळी ९ वाजता शिल्लक आहेत.
> दुसरी तोडणी ५ मेच्या सुमारास, अंदाजे १०५ पेट्या. दर तेव्हा बहुधा कमी असेल. पाऊस लवकर आला तर पेट्या कमी निघतील, ते आत्ता सांगता येत नाही.
> आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी ७१ घरांनी आंबा घेतला, त्यातल्या ४४ घरांनी गेल्या वर्षी पुन्हा घेतला. साक्याचं फळ निघालं तर फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे परत.
> पहिल्या तोडणीतली पेटी हवी असेल तर गुरुवार रात्री ८ पर्यंत कळवा. पहाटे तोडणी सुरू होते, नंतर संख्या वाढवता येत नाही.
> असे संदेश नको असतील तर फक्त "नको" लिहा.

पावसाच्या वाक्याबद्दल आपण फोनवर थोडा वाद घातला होता. "पाऊस येणारच, लवकर घ्या" असं लिहायचं तुमच्या मनात होतं. वळवाचा पाऊस येतो, फळमाशी येते, हे सगळं खरं, पण कधी ते तुम्हालाही माहीत नाही. माहीत नाही तेव्हा "माहीत नाही" लिहायचं. भीती म्हणून वापरायची नाही.

शेवटच्या ओळीतल्या "नको" ला कुठलीही शेपटी लावू नका. "नको, मला अस्सल हापूस आवडत नाही" असलं काहीतरी आजकाल विनोद म्हणून लिहितात. नकार देणाऱ्याला खजील करणं हाही त्या तेरा प्रकारांतलाच एक आहे. "नको" आलं की त्याच दिवशी नंबर यादीतून काढा. तुमची यादी ४८० वरून तीनशेवर येईल कदाचित. मांडववाला गेला तर बिघडलं कुठे?

या मजकुराच्या मर्यादाही सांगून ठेवते. पहिल्या दिवशी तो भावाच्या मजकुरापेक्षा कमी पेट्या काढेल, असा माझा अंदाज आहे. "दुसरी तोडणी आहे" वाचून काही जण थांबतील. ते मेमध्ये येतात का, हे तुम्हाला वहीत वेगळ्या रकान्यात लिहावं लागेल: एप्रिलच्या संदेशाला "मेमध्ये घेतो" म्हणाले किती, आणि खरंच घेतलं किती. शिवाय "खरंच ३७च आहेत का हो?" असं विचारणारे फोन मोजा. हा प्रश्न कमी होत गेला तर मजकूर बरोबर चालला आहे. वाढला तर कुठेतरी आकडा शिळा झालाय, नाहीतर मागच्या वर्षीचं काहीतरी लोकांच्या लक्षात आहे.

आणि गुरुवारी रात्री आठला १४ पेट्या उरल्याच, तर? तेव्हाच "फक्त तुमच्यासाठी, शेवटची संधी" लिहायला हात शिवशिवतील. त्याऐवजी दलालाशी आजच बोलून ठेवा की शुक्रवारी दुपारी दहा-पंधरा पेट्या जास्त येऊ शकतात, तो घेईल का आणि साधारण काय भाव देईल. तो भाव आधी कळला की रात्री आठला तुमच्यापुढे फक्त बेरीज-वजाबाकी असेल. बाबांना हे मान्य होईल. भावाला पहिली पेटी पाठवा, त्याचे पैसे मात्र घेऊ नका.